सॉर्टिंगचे पैसे कशाचे?

जितूभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी त्यांचा सेंट आत येतो, मागून ते स्वतः, आणि काम काय आहे ते सगळ्यात शेवटी, तेही चपला घालता घालता. त्या शनिवारी सकाळी प्रतापनगरात उत्तराकडे आले ते असेच. पोहे खाल्ले, वर चहा घेतला, उत्तराच्या बाबांना, म्हणजे शरच्चंद्ररावांना, गुडघे कसे आहेत विचारलं आणि उत्तर न ऐकताच स्वतःच्या नव्या गाडीचं मायलेज सांगितलं. मग दाराशी थांबून खिशातून एक हार्ड डिस्क काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"काही नाही वं, छोटंसं काम आहे. शूटिंग सगळं झालं. तुले फक्त जोडायचं आहे."

फक्त जोडायचं आहे! उत्तरा गेली आठ वर्षं व्हिडिओ एडिटिंग करते आहे, आणि आठ वर्षांत तिला असा एक माणूस भेटला नाही की ज्याला फक्त जोडायचं नव्हतं. जसं काही हिच्याकडे डिंकाची मोठी बाटली आहे आणि बाईला दुसरा उद्योग नाही.

या जितूभाऊंचं धरमपेठेत 'प्रॉडक्शन हाउस' आहे. हाउस म्हणजे मिठाईच्या दुकानावरची एक खोली, काचेचं दार, आणि आत मंत्र्याला शोभेल अशी फिरती खुर्ची. कॅमेरा हातात दिला तर भाऊ तो उलटा धरतील. पण पार्टी पटवण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. शूटिंगला रोजावर पोरं लावायची, एडिटिंग उत्तराकडे टाकायचं आणि मधल्या मध्ये जेवढं सुटेल तेवढं खिशात घालायचं, असा एकूण कारभार. उत्तराची निम्मी-अधिक कामं याच दारातून यायची, म्हणून ती तोंड मिटून होती.

काम होतं काटोलच्या एका पतसंस्थेचं. संस्थेला पंचवीस वर्षं झाली, तर पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात बारा मिनिटांची फिल्म दाखवायची.

"बजेट काय आहे?" उत्तराने विचारलं.

"अवं, संत्र्यावाल्यायची संस्था. त्यायच्याकडून काय घ्यायचं? मी तर सेवा म्हणून करून राहिलो. तरी तुह्यासाठी पंधरा हजार काढून ठेवले आहे. खास." 'खास' म्हणताना भाऊंनी छातीवर हात ठेवला. सेवेचा भार फार झाला की ते छातीवर हात ठेवतात.

उत्तराच्या ओठांवर ते नेहमीचं 'हो, करते' आलंच होतं. आठ वर्षांची सवय ती, जाते कशाला? पण या खेपेला तिच्या डोक्यावर सोमवार बसला होता. एका कोचिंग क्लासने तिला नोकरी देऊ केली होती. महिना बावीस हजार, फळ्यासमोर कॅमेरा लावायचा, सर खोकले की तेवढं कापायचं. सोमवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढच्या एका कामाला तरी खरा भाव मिळाला तर आपला धंदा चालू ठेवायचा, नाही तर गप जाऊन खोकले कापायचे.

"मटेरियल बघते आणि कोटेशन देते. सोमवारी ऑफिसात येते," ती म्हणाली.

"कोटेशन!" भाऊ इतके हसले की शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं. "ऐकलं काय बाबूजी? पोरगी आता कोटेशन देऊन राहिली आपल्याले."

बाबांनी पेपर खाली केला नाही. भाऊ गेल्यावर मात्र पेपरामागूनच बोलले, "नोकरी धर. बटणं दाबायचीच आहेत तर महिन्याच्या महिन्याला पगार देतील तिथे दाब." चाळीस वर्षं सरकारी टेबलावर शिक्के मारलेला माणूस दुसऱ्याच्या बटणांबद्दल असं बोलतो, तेव्हा उत्तराला हसावं की ओरडावं ते कळत नसे. ती डिस्क घेऊन आपल्या खोलीत गेली.

रविवारी दुपारी तिने डिस्क उघडली. आता फुटेज दुसऱ्याने दिलेलं असलं की ते न उघडता भाव सांगायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. उत्तरा तो तीनदा पैसे बुडवून शिकली होती. तिची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक फोल्डरातल्या पहिल्या आणि शेवटच्या फाइली तरी उघडून ऐकायच्या, बघायच्या. माणसं घाण करतात ती सुरुवातीला आणि शेवटीच.

आणि काय ती घाण! एका फोल्डरचं नाव 'फायनल', दुसऱ्याचं 'फायनल खरं', तिसऱ्याचं 'नवीन फोल्डर', आणि त्या नवीन फोल्डरच्या पोटात आणखी एक नवीन फोल्डर. भाऊंनी जाता जाता सांगितलं होतं की सगळं लावून दिलं आहे. लावलं होतं खरं, पण कॅमेऱ्याने फाइलींना दिलेली नावं पुसून प्रत्येकीला 'काटोल एक', 'काटोल दोन' असे नंबर चिकटवले होते. त्यामुळे कोणता शॉट कोणत्या कॅमेऱ्याचा, आधीचा कोणता, नंतरचा कोणता, याचा पत्ताच गेला. मुलाखतींचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला, तो चित्राला हाताने जुळवायचा. सभासदांनी मोबाइलवर काढलेले तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, चित्र पार पिठूळ, आणि वेग एकसारखा नाही, म्हणजे ते आधी बदलून घ्या, नाही तर ओठ एकीकडे नि शब्द दुसरीकडे. ड्रोनवाल्याने एकाच संत्र्याच्या बागेवर पाऊण तास घिरट्या घातलेल्या. मधेच कुणाच्या तरी साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, शूटिंग. सगळं मिळून चौदा तास.

उत्तराने तास मांडले. सगळं बघून, निवडून, नावं देऊन, आवाज जुळवून जागच्या जागी लावणं, म्हणजे सॉर्टिंग, बावीस तास. प्रत्यक्ष एडिटिंग, गाणं, नावाच्या पट्ट्या आणि रंग धरून तीस. करेक्शनच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी चार, म्हणजे आठ. एक्सपोर्टचे, म्हणजे तयार फिल्म बाहेर काढण्याचे, पाच, कारण सभागृहाच्या मोठ्या पडद्यासाठी एक फिल्म, तीन मिनिटांची छोटी एक, मोबाइलसाठी उभी एक, आणि प्रत्येक काढून झाली की सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची. पासष्ट तास. सहाशे रुपये तासाने एकोणचाळीस हजार.

आकडा बघितला आणि बाईने बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. एकोणचाळीस! भाऊ काय म्हणतील? पुढची कामं दुसरीकडे गेली तर? आणि मग तिने तेच केलं जे ती आठ वर्षं करत आली होती. भाऊंच्या वतीने स्वतःशीच भांडली आणि हरली. सॉर्टिंग कुठे दिसतं, ते काढलं. एक्सपोर्ट काय, मशीन करतं, तेही काढलं. करेक्शनच्या 'दोन फेऱ्या' पुसून 'समाधान होईपर्यंत' लिहिलं. समाधान! जितूभाऊंचं! उरले अडतीस तास, त्यांचा भाव साडेचारशेवर आणला. सतरा हजार शंभर. वरचे शंभर बरे दिसत नाहीत म्हणून तेही खोडले. समोरच्याने तोंडसुद्धा उघडलेलं नव्हतं आणि हिने बावीस हजार स्वतःच्या हाताने फेकून दिले होते. अशा माणसाला काय म्हणावं? माझ्या तोंडात शब्द आहे, पण राहू द्या.

आता रेकॉर्डरची शेवटची फाइल तेवढी ऐकायची राहिली होती. ती होती पतसंस्थेचे अध्यक्ष मधुकरराव यांची मुलाखत. उत्तराने शेवटाकडे नेऊन लावली. मुलाखत संपलेली, कॅमेरे बंद झालेले, पण मधुकररावांच्या सदऱ्याला लावलेला माइक काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं. रेकॉर्डर चालू.

"जितेंद्रजी, एक विचारू काय?" म्हाताऱ्याचा आवाज सावकाश आला. "तुमच्या बिलात एडिटिंगचे साठ हजार लावले. जास्त नाही होत काय?"

उत्तराचा हात माउसवरच थांबला. साठ?

"काकाजी, खरं काम तर तेच आहे," भाऊ बोलत होते, आणि आवाजात अशी कळकळ की ऐकणाऱ्याने डोळे पुसावे. "शूटिंग काय, दोन दिवसात होते. पण चौदा-चौदा तासांचं मटेरियल एकेक मिनिट पाहा लागते. कामाचं कोणतं, बिनकामाचं कोणतं, हे निवडता निवडता माणूस अर्धा होते. मंग तुमचे संचालक म्हणतील माहा फोटो काहून नाही, ते करेक्शन. एक करेक्शन केलं का पूर्ण फिल्म पुन्हा काढा, पुन्हा पूर्ण पाहा. लोकांले हे दिसतच नाही. लोकांले वाटते बटण दाबलं का झालं. याच्यात माहा एक रुपया नाही काकाजी. साठच्या साठ त्या एडिटिंगवालीलेच जाते."

"मंग ठीक आहे. मेहनतीचे आहेत तर देऊ," मधुकरराव म्हणाले. खुर्ची सरकली. माइक काढल्याची खरखर झाली, आणि तो बहुतेक भाऊंनी आपल्याच खिशात टाकला, कारण पुढचा आवाज कापडाआडून आला. ते कॅमेरावाल्या अंकितशी बोलत होते.

"उत्तराले पंधरा सांगतो."

"पंधरा? करन का ती?" अंकितने विचारलं.

"करते ना बे. हाताले चांगली आहे, पण तिले भाव करता येत नाही. जे देलं ते घेते आन् वरून थँक यू म्हणते."

दोघे हसले. मग रेकॉर्डर बंद झाला.

उत्तराने तो तुकडा पुन्हा एकदा ऐकला. तिला आधी राग भाऊंचा आला नाही, हे खरं सांगायला पाहिजे. भाऊ खोटारडा आहे हे तिला ठाऊकच होतं, त्यात नवीन ते काय? तिला लाज वाटली ती समोरच्या पडद्याची. एका खिडकीत भाऊंचा आवाज होता आणि दुसऱ्या खिडकीत तिचं सतरा हजारांचं कोटेशन. माणसाने तिच्याबद्दल जे म्हटलं होतं ते तिने त्याच दुपारी, कोणी न सांगता, खरं करून दाखवलं होतं. आणि सगळ्यात हद्द म्हणजे त्या नालायकाला सॉर्टिंग म्हणजे काय, करेक्शन म्हणजे काय, एक्सपोर्ट म्हणजे काय, सगळं नीट माहीत होतं. तिच्या बाबांना तिला आठ वर्षांत जे पटवता आलं नव्हतं, ते भाऊंनी मधुकररावांना दोन मिनिटांत पटवलं होतं.

तिने तिथल्या तिथे जुना कागद परत आणला. बावीस, तीस, आठ, पाच. तासाला सहाशे. करेक्शनसमोर लिहिलं: दोन फेऱ्या. एका फेरीत सगळे बदल एकत्र, एकाच माणसाने सांगायचे. त्यापुढे प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे. मग खाली आणखी एक ओळ घातली: काम संपल्यावर मूळ फुटेजची डिस्क पतसंस्थेकडे परत जाईल. ही ओळ ती नेहमी तोंडी सांगायची. या वेळी लिहून टाकली.

सोमवारी दुपारी ती धरमपेठेत पोचली. काचेच्या दारामागे भाऊ खुर्चीत अर्धे झोपून फोनवर कोणाला तरी 'आपला रिश्ता पैशाचा नाही' असं सांगत होते. फोन ठेवून त्यांनी कागद घेतला, आकडा वाचला आणि खुर्ची सरळ केली.

"एकोणचाळीस? अवं, डोक्यावर पडली काय? मी पंधरा सांगितले होते."

"तुम्ही सांगितले होते. मी मोजले."

"काय मोजले?" भाऊंनी पेन उचललं. पेन हातात आलं की हा माणूस स्वतःला न्यायाधीश समजतो. "हे पाहा. सॉर्टिंग, बावीस तास. सॉर्टिंगचे पैसे कशाचे? मी सगळं नंबर घालून लावून देलं. हे कट." त्यांनी ओळीवर आडवी रेघ मारली. "एक्सपोर्ट. ते तर मशीन करते, तू तर तेव्हा झोपून राहते. कट. करेक्शनचे तर कोणीच पैसे घेत नाही. आपल्याच चुका आपण दुरुस्त करतो, त्याचे पैसे मागाले लाज वाटली पाहिजे माणसाले."

"चौदा तासांचं मटेरियल एकेक मिनिट पाहा लागते भाऊ," उत्तरा म्हणाली. "कामाचं कोणतं, बिनकामाचं कोणतं, हे निवडता निवडता माणूस अर्धा होते."

"ते असंन, पण..."

"एक करेक्शन केलं का पूर्ण फिल्म पुन्हा काढा, पुन्हा पूर्ण पाहा. लोकांले हे दिसतच नाही."

उत्तरा एरवी असं बोलत नसे. मले-तुले तिच्या घरात कोणी करत नव्हतं. भाऊंचं पेन हवेत राहिलं. हे कुठे तरी ऐकलं आहे इतपत त्यांना कळलं, पण कुठे ते आठवेना. स्वतःचंच बोलणं हा माणूस कधी ऐकत असेल तर ना!

"बरं," उत्तरा आपल्या आवाजात म्हणाली, "तुमचं म्हणणं मान्य. सॉर्टिंग नको. म्हणजे मी सगळं बघणार नाही, सगळं ऐकणार नाही, निवडणार नाही, फेकणार नाही. तुम्ही जे दिलं ते जसंच्या तसं डिस्कवर राहील आणि काटोलला परत जाईल. मधुकररावांची मुलाखतही आणि तिच्यानंतरचा आवाजही. माइक चालूच होता भाऊ. काकाजींच्या सदऱ्यालाही आणि मग तुमच्या खिशातही."

खालच्या दुकानातून जिलबीच्या तुपाचा वास येत होता. भाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग पायरी पायरीने खाली उतरला. आधी कपाळ, मग गाल, मग ती छातीवर हात ठेवायची सगळी ऐट.

"साठच्या साठ त्या एडिटिंगवालीलेच जाते," उत्तराने त्यांना आठवण करून दिली. "मेहनतीचे आहेत तर देऊ, असं म्हणाले बिचारे."

"अवं, ते बोलणं असते धंद्यातलं. तू मनाले काहून लावून घेते? तू तर घरची..." भाऊ खुर्चीच्या टोकावर आले. "बरं, साठ घे. सगळे घे. खूश?"

आता खरं सांगते, एक क्षणभर तिला मोह झाला. साठ हजार म्हणजे साठ हजार. पण ते घेतले असते तर भाव पुन्हा भाऊंनीच ठरवला असता, यावेळी घाबरून एवढंच.

"एकोणचाळीस," ती म्हणाली. "अर्धे आज, अर्धे फिल्म देताना. आणि काकाजींचं बिल बदलून पाठवा. एडिटिंग एकोणचाळीस, आणि तुमचं कमिशन जे काय असेल ते तुमच्या नावाने वेगळं लिहा. ते देतील तर घ्या. बिलाची एक प्रत मला. ती आली की काम सुरू."

भाऊंनी पेनने मारलेल्या रेघांकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून नवा कागद काढून त्यांनी उत्तराकडून कोटेशन पुन्हा लिहून घेतलं, सॉर्टिंगसकट, आणि खाली सही केली. सही करताना त्यांचा हात इतका नम्र होता की बघवत नव्हतं. मोबाइलवरून साडेएकोणीस हजार आले. बदललेलं बिल टाइप करून त्यांनी तिच्या समोरच काटोलला पाठवलं, आणि कमिशनच्या ओळीत आकडा लिहिताना तीनदा खोडून तीनदा कमी केला. उत्तराने पर्स उचलली.

"उत्तरा वं," भाऊ मागून म्हणाले. आवाज अगदी घरगुती झाला होता. "आता बिल तर बदललं. तेवढा तो आवाजाचा तुकडा... काढून टाकशील ना? छोटंसं काम आहे."

उत्तरा काचेच्या दाराशी वळली.

"काढते ना," ती म्हणाली. "ते करेक्शन झालं. दोनातली एक फेरी तुमची संपली."

जिना उतरून ती मिठाईच्या दुकानासमोर उभी राहिली आणि कोचिंग क्लासला फोन लावला. नोकरी देऊ केल्याबद्दल आभार, पण जमणार नाही, असं तिने सांगितलं. पलीकडचे सर पुढे काही तरी समजावू लागले, पगारात दोन हजार वाढवतो म्हणाले, आणि मग अगदी सहज विचारलं, "बरं, नोकरी नको तर नको, आमचे आधीचे चाळीस लेक्चर पडले आहेत. शूटिंग झालेलं आहे, फक्त जोडायचं आहे. किती घ्याल?"

"आधी मटेरियल पाठवा," उत्तरा म्हणाली, "बघितल्याशिवाय मी भाव सांगत नाही."